फोटोतल्या ट्री डायग्राममधे दुसऱ्या फांद्यांवरचे आकडे कुठून येतात?

प्रश्न: मुलीच्या वहीतल्या ट्री डायग्रामचा फोटो टाकतोय. पिशवीत ५ लाल ३ निळे बॉल, एकामागून एक दोन काढायचे. पहिल्या फांद्यांवर ५/८ आणि ३/८ आहे ते कळलं. पुढे वरून खाली ४/७, ३/७, ५/७ आणि शेवटचा आकडा पुसट आहे. मूळ प्रश्न फोटोत अर्धा कापला गेलाय. दुसरा बॉल लाल असण्याची संभाव्यता ४/७ धरायची की ५/७? आणि त्या चार आकड्यांची बेरीज १ च्या वर जाते, मग आकृती चुकलीय का? खाली "रंग वेगळे = १५/२८" लिहिलंय, मला १५/५६ येतंय.

उत्तर:

आकृती बरोबर आहे. पुसट आकडा २/७ आहे. आणि तुमचं १५/५६ पण चूक नाहीये, ते अर्धं उत्तर आहे. दुसरा बॉल लाल असण्याचं म्हणाल तर ४/७ पण नाही आणि ५/७ पण नाही, ते ५/८ आहे, म्हणजे पहिल्या बॉलइतकंच. हे शेवटचं वाचून तुम्ही म्हणाल हे काहीतरीच, पण थांबा, तिथे येतोच मी, तीच यातली खरी गंमत आहे.

मी बरीच वर्षं ट्युशनमधे हे प्रकरण शिकवतोय आणि माझ्याकडे येणारी निम्मी मुलं तरी तुमच्यासारखीच दुसऱ्या टप्प्यावर अडकतात, पहिल्यावर कोणीच नाही. कारण पहिल्या फांद्या म्हणजे सरळ मोजणी, आठात पाच लाल, संपलं. दुसऱ्या फांद्यांवरचा आकडा मात्र "जर" घेऊन येतो, आणि तो "जर" आकृतीत कुठे लिहिलेला नसतो, तो फांदी कुठून फुटलीय त्यावरून आपला आपण वाचायचा असतो. वहीत बघताना चारही आकडे एकाखाली एक एका रांगेत दिसतात त्यामुळे डोळा त्यांना एकच गट समजतो, खरं तर ते दोन दोनचे वेगळे गट आहेत आणि दोन वेगळ्या पिशव्यांबद्दल बोलतायत.

आधी कापलेल्या प्रश्नाचं बघू, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिला बॉल बघून परत पिशवीत टाकायचा की बाहेरच ठेवायचा, हे प्रश्नात लिहिलेलं असणार आणि नेमकं तेच फोटोत नाहीये. पण छेद बघा. पहिल्या टप्प्यावर छेद ८, दुसऱ्यावर ७. म्हणजे दुसऱ्या वेळी हात घातला तेव्हा आत सातच बॉल होते, म्हणजे पहिला परत टाकला नव्हता. परत टाकला असता तर दुसऱ्या सगळ्या फांद्यांवर पुन्हा ५/८ आणि ३/८ च आलं असतं, वरही तेच आणि खालीही तेच. खाली लिहिलेलं १५/२८ पण याच बाजूने साक्ष देतंय, कारण परत टाकून केलं असतं तर "रंग वेगळे"चं उत्तर ३०/६४ म्हणजे १५/३२ आलं असतं. त्यामुळे प्रश्नाचा कापलेला भाग "परत न ठेवता" असा किंवा त्याच अर्थाचा होता हे मी निर्धास्त धरतोय.

आता मी मुलांना जे करायला लावतो ते सांगतो. ज्या बिंदूतून फांद्या फुटतात त्याला मी फाटा म्हणतो, रस्त्याला फाटा फुटतो ना तसा. प्रत्येक फाट्यावर बोट ठेवायचं आणि तोंडाने सांगायचं की आत्ता, या क्षणी, पिशवीत काय आहे. (मुलं हसतात, पण मी सांगतो, फाट्यावर मारायचं नाही, फाट्यावर थांबायचं.) डावीकडच्या पहिल्या फाट्यावर बोट ठेवलं: पाच लाल, तीन निळे. तिथून वरच्या फांदीवरून लालकडे गेलो, वरच्या फाट्यावर आलो: एक लाल हातात आहे, आत चार लाल, तीन निळे, एकूण सात. म्हणून ४/७ आणि ३/७. परत मागे या, आता खालच्या फांदीवरून निळ्याकडे जा. खालच्या फाट्यावर: एक निळा हातात, लाल पाचच्या पाच आतच आहेत, निळे दोन राहिले. म्हणून ५/७ आणि शेवटचा पुसट आकडा २/७.

ही पिशवीची स्थिती फाट्याशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवायची. तुमची आकृती तशी लिहिली तर अशी दिसेल, ला म्हणजे लाल, नि म्हणजे निळा:

```
५ला ३नि
 ├─ ५/८ लाल → ४ला ३नि
 │     ├─ ४/७ लाल
 │     └─ ३/७ निळा
 └─ ३/८ निळा → ५ला २नि
       ├─ ५/७ लाल
       └─ २/७ निळा
```

बाणापुढचं "४ला ३नि" हे वहीत सहसा कोणी लिहीत नाही कारण परीक्षेत लागत नाही, पण सगळी अडचण तिथेच सुटते. ते लिहिलं की वरचा आकडा ४/७ आणि खालचा ५/७ का, हा प्रश्नच उरत नाही, वर आणि खाली पिशवीच वेगळी आहे.

आता बेरजेचं. चारही आकड्यांची बेरीज ४ + ३ + ५ + २ म्हणजे १४, १४/७ म्हणजे २ येते, आणि यायलाच हवी. बेरीज १ होते ती एका फाट्यातून निघणाऱ्या फांद्यांची, कारण त्या फाट्यावर उभं असताना पुढे काहीतरी एक होणारच, एकतर लाल नाहीतर निळा, तिसरं काही नाही. वरच्या फाट्यावर ४/७ + ३/७ = १, खालच्या फाट्यावर ५/७ + २/७ = १. दोन फाटे म्हणून दोन एक, म्हणून २. तीन रंगांचे बॉल असते तर तीन फाटे झाले असते आणि उभ्या रांगेची बेरीज ३ आली असती, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ती उभी बेरीज कशाचंच उत्तर नसते.

यावरूनच पुसट आकडा पक्का करता येतो. तुमच्या फोटोत तो ३/७ सारखा पण वाचता येतोय, मान्य, खालचा भाग सावलीत आहे. पण ३/७ धरला तर खालच्या फाट्याची बेरीज ५/७ + ३/७ = ८/७, एकाच्या वर, शक्यच नाही. पिशवी मोजली तरी तेच, निळा एक काढल्यावर तीन निळे राहतील कसे. अशा दोन वेगळ्या बाजूंनी एकच आकडा आला की मग फोटो कितीही खराब असूदे.

फोटोबद्दल अजून एक, कारण हे मला वारंवार दिसतं. वही तिरकी धरून फोटो काढला की मधले दोन आकडे, इथे ३/७ आणि ५/७, एकमेकांच्या जवळ सरकल्यासारखे दिसतात आणि कुठला आकडा कुठल्या फांदीचा हे कळेनासं होतं, कारण ३/७ ची फांदी वरच्या फाट्यातून खाली येतेय आणि ५/७ ची खालच्या फाट्यातून वर जातेय, त्यांची टोकं जवळजवळ भेटतात. चुकून अदलाबदल झाली तर वर ४/७ आणि ५/७ येतील, बेरीज ९/७, आणि खाली ३/७ आणि २/७, बेरीज ५/७. एक जास्त, एक कमी. असं दिसलं की समजायचं आकडे चुकलेले नाहीत, फांद्या चुकल्यात.

आता गुणाकार आणि तुमचं १५/५६. इथे मी अपूर्णांक जरा बाजूला ठेवतो आणि माणसं आणतो, कारण "फांदीवरून जाताना गुणा आणि वेगवेगळ्या वाटांची बेरीज करा" हा नियम पाठ असलेली मुलं पण तो का ते सांगू शकत नाहीत, आणि मग प्रश्न थोडा फिरवला की कुठे गुणायचं कुठे मिळवायचं यात घोळ घालतात.

समजा ५६ जणांनी प्रत्येकी एकदा हा प्रयोग केला, प्रत्येकाकडे स्वतःची पिशवी. ५६ च का, तर आठ गुणिले सात ५६, भाग नीट जातो म्हणून, दुसरं कारण नाही. (खरं तर आठ बॉलना नंबर दिले तर पहिला आठ प्रकारे, दुसरा उरलेल्या सात प्रकारे, असे एकूण ५६ क्रम होतात, तेच हे ५६, पण ते नंतर.) पहिल्या फाट्यावर ५६ जण उभे आहेत. त्यातले ५/८ जण लालकडे जातात असं धरू, म्हणजे ३५ जण. उरलेले २१ निळ्याकडे. आता वरच्या फाट्यावर कोण आहे? फक्त ते ३५. ५६ नाही. त्या ३५ पैकी ४/७ जणांना दुसरा पण लाल, म्हणजे २०, आणि ३/७ जणांना निळा, म्हणजे १५. खालच्या फाट्यावर २१ जण, त्यांच्यापैकी ५/७ ना लाल, म्हणजे १५, आणि २/७ ना निळा, म्हणजे ६.

टोकाला आले २०, १५, १५, ६. बेरीज ५६. कोणी हरवलं नाही, कोणी दोनदा मोजलं गेलं नाही.

गुणाकार कुठे झाला ते पाहिलंत ना? "५६ चे ५/८, आणि मग त्यांचे ४/७." आपल्या भाषेत तो गुणाकार या "चे"मधेच बसलाय. अर्ध्या भाकरीचा अर्धा म्हणताना आपण गुणाकारच करत असतो, अर्ध्यात अर्धा मिळवत नाही. फांदीवरून पुढे जाणं म्हणजे आधीच कमी झालेल्या गटाचा अजून एक हिस्सा घेणं, म्हणून वाटेवरचा आकडा प्रत्येक पावलाला लहान होत जातो. कोणी फांदीवरचे आकडे मिळवून ५/८ + ४/७ केलं तर ते १ च्या वर जातं, ते बघूनच कळतं की काहीतरी बिनसलंय. पण ३/८ + २/७ केलं तर ३७/५६ येतं, ते १ च्या आत आहे, त्यामुळे चूक पकडली जात नाही आणि ती जास्त धोक्याची. तिथे स्वतःला विचारायचं, दोन्ही निळे येणं हे पहिला निळा येण्यापेक्षा जास्त शक्य कसं असेल? पहिला निळा ३/८ म्हणजे २१/५६, आणि दोन्ही निळे ३७/५६? नाही ना.

आता "रंग वेगळे". ५६ पैकी कोणाच्या हातात दोन वेगळे रंग आहेत? वरून दुसऱ्या टोकाचे १५ जण, लाल मग निळा. आणि वरून तिसऱ्या टोकाचे १५ जण, निळा मग लाल. दोघांच्याही हातात एक लाल एक निळाच आहे, फक्त आधी कुठला आला एवढाच फरक. तर १५ + १५ = ३०, ३०/५६ म्हणजे १५/२८. तुम्ही एकच वाट मोजली, लाल मग निळा, म्हणून तुम्हाला १५/५६ आलं. मला वाटतं तुम्ही मनात "वेगळे म्हणजे एक लाल एक निळा" असं म्हणालात आणि ज्या क्रमाने बोललात त्याच क्रमाने आकृतीत शोधलंत. हे खूप जण करतात. इथे बेरीज का, गुणाकार का नाही, तर एकच माणूस एकाच वेळी दोन टोकांना असू शकत नाही, ते १५ वेगळे आणि हे १५ वेगळे, दोन वेगळे गट एकत्र मोजतोय.

हे मात्र प्रश्नाच्या शब्दांवर आहे हो. "पहिला लाल आणि दुसरा निळा" असं विचारलं असतं तर तुमचं १५/५६ हेच पूर्ण बरोबर उत्तर होतं. "एक लाल आणि एक निळा", "रंग वेगळे", "प्रत्येक रंगाचा एक" यात क्रम नाही, दोन्ही वाटा घ्यायच्या. प्रश्नात पहिला, दुसरा हे शब्द आहेत का ते बघायचं, एवढंच.

बरं काही पुस्तकांत "दोन बॉल एकदम काढले" असं पण असतं, तेव्हा मुलं विचारतात आता ट्री कशी काढायची, एकदम काढल्यावर पहिला कुठला. काढायची ती तशीच. मूठ बाहेर आली, त्यातला डावीकडचा पहिला म्हणा, उजवीकडचा दुसरा, पिशवीला काय फरक पडतो. उत्तर तेच येतं आणि ते तपासता पण येतं: आठ बॉलमधून दोनाच्या २८ जोड्या होतात, त्यात एक लाल एक निळा अशा ५ × ३ = १५ जोड्या, म्हणजे १५/२८. ट्री न काढता तेच उत्तर आलं. मुलीला हे नक्की दाखवा, दोन रस्त्यांनी एकाच जागी पोचलं की मुलांचा विश्वास बसतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ४/७ की ५/७. ५६ जणांत दुसरा बॉल लाल आलेले किती? पहिल्या टोकाचे २० आणि तिसऱ्या टोकाचे १५, एकूण ३५. ३५/५६ म्हणजे ५/८. पहिला लाल येण्याची संभाव्यता होती तितकीच!

यावर दर वर्षी वर्गात वाद होतो. एक बॉल कमी झालाय, छेद सात झालाय, मग परत ५/८ कसं? मी तेव्हा असं सांगतो. पहिला बॉल काढा पण बघू नका, डोळे मिटून खिशात टाका. आता दुसरा काढा. तुमच्या दृष्टीने काय बदललं? काहीच नाही. खिशात काय गेलं हे माहीत नाही, मग हा दुसरा बॉल आठांपैकी कुठलाही असू शकतो, पहिला असू शकत होता तसाच. आठांतले पाच लाल, म्हणून ५/८. आता खिशातला बॉल काढून बघा. लाल निघाला? लगेच तुमचा आकडा ४/७ झाला. निळा निघाला? ५/७ झाला. पिशवीत हात घालायच्या आधी तुम्हाला किती माहीत आहे त्यावर आकडा ठरतोय. म्हणून तर म्हटलं की दुसऱ्या फांदीवरचा आकडा "जर" घेऊन येतो. ४/७ म्हणजे "पहिला लाल आलाय हे माहीत असेल तर दुसरा लाल". पुढे वरच्या वर्गात याला सशर्त संभाव्यता म्हणतात आणि उभी रेघ मारून लिहितात, P(दुसरा लाल | पहिला लाल) = ४/७, पण तुमची मुलगी ती आत्ताच वापरतेय, फक्त नाव माहीत नाही.

आणि ५/८ हा ४/७ आणि ५/७ च्या मधेच कुठेतरी बसतो बघा, पण बरोब्बर मध्यावर नाही. मध्य काढला तर ९/१४ येतं, आणि मुलं खरंच असं करतात, दोन आकडे दिसले की सरासरी. ते चुकतं कारण वरच्या फाट्यावर ३५ जण आहेत आणि खालच्यावर २१. वर गर्दी जास्त म्हणून उत्तर ४/७ कडे जास्त ओढलं जातं. ९/१४ म्हणजे ३६/५६, खरं उत्तर ३५/५६, इतका कमी फरक की दशांशात कोणी बघितलं तर "राउंडिंगमुळे असेल" म्हणून सोडून देईल. म्हणून मी या प्रकरणात कॅल्क्युलेटर काढूच देत नाही.

त्याच कारणासाठी अजून एक सांगतो, अपूर्णांक लगेच छोटे करू नका. शाळेत सवय लावलेली असते की संक्षिप्त रूप दिलंच पाहिजे, मग मुलं टोकांना ५/१४, १५/५६, १५/५६, ३/२८ असं लिहितात. बरोबर आहे सगळं, पण आता बेरीज १ होते का ते एका नजरेत दिसतं का? २०/५६, १५/५६, १५/५६, ६/५६ ठेवलं असतं तर वरचे आकडे मिळवले की ५६, झालं तपासून. फांद्यांवर पण हेच. समजा पिशवीत ६ लाल ४ निळे असते आणि कोणी पहिल्या फांदीवर ६/१० चं ३/५ करून टाकलं, तर पुढच्या फाट्यावर आल्यावर "तीनातला एक गेला, पाचातला एक गेला, २/४" असं लिहिणारी मुलं मी पाहिलीत, पाहिजे होतं ५/९. संक्षेप करताना पिशवीच पुसली गेली. शेवटच्या उत्तराला करा काय ते छोटं.

चुका माझ्याही झाल्यात. एकदा फळ्यावर घाईत दुसऱ्या टप्प्याचे सगळे छेद सात केले पण खालच्या फाट्यावर सवयीने ४/७ आणि ३/७ च लिहिलं, वरचंच खाली उतरवलं. बेरीज १ येतेय, छेद बरोबर, दिसायला सगळं ठीक. पुढचं गणित केलं आणि निळा-निळा ९/५६ आलं, निळा-लाल १२/५६ आलं. एका मुलीने विचारलं, लाल-निळा १५ आणि निळा-लाल १२ कसं, दोन्हीत तेच बॉल ना? मी जागच्या जागी थबकलो. तिची शंका शंभर टक्के बरोबर होती. लाल-निळा म्हणजे ५ × ३ आणि निळा-लाल म्हणजे ३ × ५, छेद दोन्हीकडे ५६ च, त्यामुळे ते समान यायलाच हवेत. त्या दिवसापासून मी फाट्यावरच्या बेरजेबरोबर ही दुसरी तपासणी पण सांगतो, कारण फाट्याची बेरीज ही चूक पकडू शकत नाही. एकाच बॉलचा क्रम उलटलेल्या दोन वाटांची टोकं सारखी आली पाहिजेत, नाही आली तर कुठल्यातरी फाट्यावर पिशवी चुकीची मोजलीय.

घरी खरंच करून बघणार असाल तर बॉल नकोत, आठ सारख्या चिठ्ठ्या घ्या, पाचांवर ला, तीनांवर नि, सारख्याच घड्या घाला, नाहीतर बोटांना फरक कळतो. ५६ वेळा करा. पण २०, १५, १५, ६ नेमकं येईल अशी अपेक्षा ठेवू नका आणि मुलीला पण आधीच सांगा. माझ्या वर्गात लाल-लाल कधी १७ आलंय कधी २४. ते ५६ जण मी हिशोबासाठी शिस्तीत चालवले, खरी माणसं इतकी शिस्तीत चालत नाहीत. बरेच वेळा केलं की हिस्से त्या आकड्यांच्या आसपास यायला लागतात, आणि निळा-निळा सगळ्यात कमी हे तर बहुतेक पहिल्या फेरीतच दिसतं. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या परत टाकून नीट हलवायचं विसरू नका. दोन चिठ्ठ्यांच्या मधे परत टाकायचं नाही, प्रयोग संपल्यावर टाकायचं, यात मुलं हमखास गोंधळतात.

आणि मुलीला हे कळलं का ते बघायचं असेल तर आकृती तिसऱ्या बॉलपर्यंत वाढवायला सांगा, तोंडी नियम विचारू नका. आता चार फाटे होतील. लाल-लालनंतर पिशवीत ३ला ३नि, म्हणून ३/६ आणि ३/६. लाल-निळानंतर ४ला २नि. निळा-लालनंतर पण ४ला २नि, म्हणजे दोन वेगळे फाटे पण पिशवी तीच, त्यामुळे दोन्हीकडे ४/६ आणि २/६. निळा-निळानंतर ५ला १नि, म्हणून ५/६ आणि १/६. हे तिने न विचारता लिहिलं तर पुढचा एकच प्रश्न विचारा: निळा, निळा, निळा असे तिन्ही आले, आता चौथ्या बॉलसाठी त्या फाट्यातून किती फांद्या काढशील? बरीच मुलं सवयीने दोन काढतात आणि मग निळ्यावर काय लिहायचं म्हणून अडतात. पिशवीवर बोट ठेवलेलं असेल तर ती एकच फांदी काढेल, लालची, आणि तिच्यावर ५/५ लिहील.